पापणी आधी, बुबुळ नंतर

‘डोळे काळे असतील तर कोणती आयशॅडो घ्यावी?’ सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. तपकिरी डोळ्यांना निळा, घाऱ्या डोळ्यांना जांभळा आणि काळ्यांना ‘काहीही चालतं, ताई’. यातली पहिली दोन उत्तरं बरीचशी खरी आहेत. तिसरं मात्र गिऱ्हाईक पुढे सरकवण्यासाठी दिलेलं उत्तर आहे. काळ्या डोळ्यांना काहीही चालत नाही. त्यांचं गणित वेगळं आहे आणि आपल्याकडे बहुसंख्य डोळे त्याच गणितातले आहेत.

रंग रंगाला उठाव कसा देतो, याचा मूळ शोध कापडाच्या धंद्यात लागला. पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध विणकामशाळेच्या रंगविभागावर मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ होता. काळा धागा फिकट दिसतो, रंग नीट चढलेला नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागा तपासला तर रंगात काहीच खोट नव्हती. धाग्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळे काळा मळका वाटत होता. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलून दाखवतात, हा नियम त्याने 1839 मध्ये पुस्तकरूपाने मांडला. रंगचक्रावर समोरासमोर बसणारे रंग शेजारी आले की दोन्ही अधिक तेज दिसतात. पोपटी लुगड्याला आमसुली काठ का शोभतो, हे आपल्याकडच्या विणकरांना त्यासाठी पुस्तक न वाचताही ठाऊक होतं.

आता हा नियम डोळ्याला लावून पाहू. तपकिरी म्हणजे गडद केलेला नारिंगी. नारिंगीच्या समोर निळा येतो, म्हणून पापणीवर नेव्ही, मोरपिशी किंवा चिंतामणी रंग आला की बुबुळातला मधासारखा भाग उजळून दिसतो. घाऱ्या डोळ्यांत रंगद्रव्य कमी असतं. बाहुलीभोवती तपकिरी किंवा सोनेरी कडं आणि बाहेर हिरवट छटा असते. ही हिरवट छटा कोणत्या हिरव्या रंगद्रव्याची नसते. बुबुळात प्रकाश विखुरतो आणि थोड्याशा रंगद्रव्याशी मिळून हिरवा भासतो. त्यामुळेच असे डोळे उजेडाप्रमाणे आणि कपड्यांप्रमाणे बदलल्यासारखे वाटतात. पापणीवर आमसुली, वांगी किंवा डाळिंबी छटा लावली की त्यातला हिरवा वर येतो. निळसर छटा लावली की मधलं सोनेरी कडं दिसू लागतं. घाऱ्या डोळ्यांच्या बाईला खरं तर दोन डोळ्यांची निवड आहे, आणि रोज कोणता दाखवायचा हे तिने ठरवायचं.

काळ्या डोळ्यांत मात्र समोरचा रंग शोधायला मुळात रंग दिसतच नाही. काळं बुबुळ म्हणजे अतिशय गडद तपकिरी बुबुळ, त्यात मेलॅनिन इतकं दाट की घरातल्या उजेडात बुबुळ आणि बाहुली एकच वाटतात. भर दुपारी खिडकीजवळ आरसा घेऊन उभं राहिलं आणि उजेड बाजूने पडू दिला, की कडेला चॉकलेटी रंग दिसतो. तो दिसला तर तपकिरीचे नियम थोडेफार लागू होतात, पण चार हातांवरून बघणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून काळ्या डोळ्यांसाठी रंगापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या असतात. फिकट-गडदपणा आणि चमक.

काळ्या डोळ्याचं सगळं सौंदर्य पांढऱ्यावर काळं असण्यात आहे. चेहऱ्यावरची सर्वांत गडद जागा बुबुळच राहिली पाहिजे. त्यावर काजळ, त्यावर काळी आयशॅडो आणि तीही भुवईकडे चढवलेली, असं केलं की बुबुळ, काजळ आणि पापणी मिळून एक काळा खड्डा होतो. बाईचे डोळे टपोरे असले तरी ते खोल गेल्यासारखे आणि दमलेले दिसतात. लग्नाच्या अल्बममध्ये ही चूक हमखास सापडते. तिथे पापणीवर मध्यम उजळ रंग हवा, पितळी, तांबूस किंवा बदामी, आणि पापणीच्या मधोमध, म्हणजे बाहुलीच्या बरोबर वर, थोडी चमक. डोळा हलला की ती चमक हलते आणि खालचं काळंभोर बुबुळ आणखी काळं वाटतं. गडद रंग हवाच असेल तर तो पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, बारीक रेघेपुरता ठेवावा.

एक इशारा तिन्ही डोळ्यांना लागू आहे. पापणीवरचा रंग डोळ्याच्याच जातीचा पण त्याहून तेज असेल तर डोळा हरतो. फिक्या तपकिरी डोळ्यांवर झगझगीत तांब्याचा रंग लावला की लोक पापणी बघतात, आणि तिच्याखालचे डोळे मातकट वाटतात. तांबूसच लावायचा तर जरा दबलेला लावावा. लालसर छटांचं दुखणं वेगळं आहे. विटकरी, किरमिजी किंवा गुलबक्षी रंग थेट केसांच्या मुळापर्यंत आला की डोळे आल्यासारखे दिसतात, कारण लाल पापणी आणि डोळ्यातल्या लाल शिरा यांची आपल्या नजरेत जोडी लागते. त्यावर सोपा उपाय आहे. लाल रंग आणि डोळा यांच्यामध्ये गडद चॉकलेटी रेघ ओढायची. रेघ आली की तोच रंग मुद्दाम लावलेला वाटतो.

इतकं सगळं पाळूनही घरी आणलेली आयशॅडो डोळ्यांवर मरगळलेली दिसते, ही तक्रार सर्रास ऐकू येते. तिथे डोळ्याचा दोष नसतो, पापणीचा विचार राहून गेलेला असतो. आयशॅडो बुबुळावर लावत नाहीत, पापणीवर लावतात. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांची पापणी गालापेक्षा सावळी असते, कधी तपकिरी, कधी किंचित जांभळट. गव्हाळ चेहऱ्यावर सावळी पापणी, हे अगदी नेहमीचं आहे, आजारपण नव्हे. पण ‘न्यूड’ नावाने विकली जाणारी बरीचशी पॅलेट गोऱ्या पापणीवर बेतलेली असतात. त्यातला फिका बदामी रंग सावळ्या पापणीवर आला की राख फासल्यासारखा दिसतो.

असं का होतं, हे डबीत काय असतं ते कळलं की लक्षात येतं. आयशॅडोतले मातकट, तपकिरी, विटकरी रंग मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडचे असतात. तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीखाली आपण जो गेरू सारवतो, त्याचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. लाल, पिवळा आणि काळा असे तीन ऑक्साइड कमी-जास्त करून हव्या त्या तपकिरी छटा बनतात. रंग फिका करायचा तर त्यात टिटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं द्रव्य घालतात आणि अंग भरायला टाल्क किंवा अभ्रक. पांढरं द्रव्य जास्त झालं की ते सावळ्या कातडीवर पातळ पांढऱ्या थरासारखं बसतं. खालचा तपकिरी आणि वरचा पांढरा मिळून डोळ्याला निळसर राखाडी दिसतं. रंग डबीत कितीही सुंदर असो, पापणीवर तो राखच होणार. चमकीच्या रंगांत हा त्रास कमी होतो, कारण तिथे अभ्रकाचे पातळ पापुद्रे उजेड परतवतात आणि त्यांच्या आडून खालची कातडी दिसत राहते. म्हणून घेतलेल्या मोठ्या पॅलेटमधले चमकीचे रंग संपतात आणि फिके मॅट रंग तसेच कोरे राहतात.

म्हणजे रोजच्या वापराचं पॅलेट निवडताना पहिला माप पापणीचा घ्यायचा. त्यासाठी मनगटाच्या आतल्या बाजूवर रंग ओढून बघण्याची सवय सोडा. ती शरीरावरची सर्वांत गोरी जागांपैकी एक आहे. दुकानातला नमुन्याचा रंग थेट डोळ्याला लावणं तर धोक्याचंच, त्यात अनेकींची बोटं गेलेली असतात. त्याऐवजी बोटांच्या सांध्यांवरची मागची कातडी वापरा, ती बहुतेकींच्या पापणीइतकीच सावळी असते. तिथे रंग लावा, दुकानाच्या दिव्याखालून बाहेर पडा आणि उघड्यावर बघा. रंग कातडीत मुरल्यासारखा दिसला तर तुमचा. वर तरंगल्यासारखा, पावडर लागल्यासारखा दिसला तर परत ठेवून द्या, मग तो कुणीही सुचवलेला असो.

रोजच्या पॅलेटला चार रंग पुरतात. बाजारात सुट्या गोल डब्याही मिळतात आणि त्या चिकटवायला लोहचुंबकाचं रिकामं खोकंही मिळतं. बारा रंगांच्या तयार पॅलेटमधले आठ न वापरता टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. पहिला रंग पापणीच्याच रंगाचा, पण एक पायरी गडद आणि मॅट. पापणीची घडी जिथे पडते तिथे तो फिरवला की डोळ्याला आकार येतो आणि मेकअप केल्याचं कळतही नाही. दुसरा त्याहून दोन पायऱ्या गडद चॉकलेटी, तोही मॅट, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापुरता. तिसरा मंद चमकीचा, पापणीच्या मध्यावर लावायचा. तो मॅट रंगांपेक्षा उजळ असावा, पण पांढरट नसावा. चौथा जवळजवळ काळा तपकिरी, कॉफीच्या भाजलेल्या बियांसारखा, रेघेसाठी. भुवईखाली लावायला म्हणून पॅलेटमध्ये एक मोतिया पांढरा हमखास असतो. माझं मत विचाराल तर तो रंग सावळ्या चेहऱ्यावर रोजच्या वापरात लागतच नाही. भुवईखाली आपली कातडी आहे तशी राहू द्यावी.

या चारांतला डोळ्यानुसार बदलणारा भाग मुख्यतः तिसऱ्या रंगाचा. काळ्या डोळ्यांना तिथे पितळी किंवा कांस्य, तपकिरी डोळ्यांना गुलाबी झाक असलेला बदामी किंवा दबलेला तांबूस, घाऱ्यांना फिका आमसुली. घाऱ्यांनी चौथा रंगही थोडा बदलावा. काळी कुळकुळीत रेघ आणि ठसठशीत काळं काजळ हलक्या डोळ्यांवर कडक दिसतं आणि बघणाऱ्याची नजर बुबुळाऐवजी रेघेवर जाते. वांगी किंवा तपकिरी काजळ तिथे जास्त शोभतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, डोंबिवलीहून लोकलने मुंबईत बँकेत जाणारी पस्तिशीतली एक बाई. गव्हाळ रंग, त्यात पिवळसर झाक, पापणी तपकिरी, डोळे काळेभोर, काजळाशिवाय बाहेर न पडणारी. तिच्याकडे दहा रंगांचं एक न्यूड पॅलेट आहे. त्यातले तीन फिके रंग पापणीवर राखाडी दिसतात, एक मोतिया पांढरा आहे, दोन गुलाबी इतके थंड आहेत की पिवळसर चेहऱ्यावर जांभळा मार लागल्यासारखे वाटतात. उरले चार. दोन मॅट तपकिरी, एक कांस्य, एक गडद कॉफी. तिचं पॅलेट तिच्याकडे आधीपासूनच होतं. बाकीचे सहा तिला नडत होते. नवं काही घ्यायची गरजच नव्हती.

तरी तिची आयशॅडो दादर येईपर्यंत घडीत गोळा होत होती. पापणीवर तेल सुटतं आणि मुंबईच्या दमट हवेत त्यात घाम मिसळतो, मग पावडर घडीत सरकते. तिने पापणीवर आधी क्रीम लावणं बंद केलं. पापणी टिपकागदाने टिपून घेतली. मग मुगाच्या दाण्याएवढा कन्सीलर घेऊन तो दोन्ही पापण्यांवर अनामिकेने थोपटून पसरवला. इतका पातळ की कातडीचा पोत दिसत राहील. इथे अनेकींची एक गफलत होते. पापणी उजळ करायची म्हणून गालापेक्षाही गोरा कन्सीलर लावतात. सावळ्या पापणीवर तोही राखाडीच पडतो, आणि वर कोणतीही आयशॅडो लावा, राख तळातून वर येते. कन्सीलर पापणीच्या रंगाचा किंवा किंचित नारिंगी झाकेचा असावा. नारिंगी झाक खालच्या निळसर-जांभळ्या छटेला मारते.

कन्सीलर ओला असतानाच वर पावडर गेली तर डाग पडतात, म्हणून अर्धा मिनिट थांबून तिने पहिला मॅट रंग मऊ ब्रशने पूर्ण पापणीवर फिरवला. ब्रश डबीत दोनदा टेकवायचा, काठावर एकदा झटकायचा, मग डोळ्याला लावायचा. डोळा उघडा ठेवून समोर आरशात बघत रंग घडीच्या किंचित वर नेला. ज्यांच्या पापणीची घडी डोळा उघडल्यावर आत दडते त्यांनी हे आवर्जून करावं, नाहीतर बंद डोळ्यावर छान दिसणारा रंग उघड्या डोळ्यावर गायबच होतो. दुसरा गडद तपकिरी बाहेरच्या एक तृतीयांश भागावर. कांस्य मात्र ब्रशने न लावता बोटाने. चमकीचे कण बोटाच्या उबेने चांगले बसतात आणि गालावर कमी सांडतात. शेवटी काजळ, आणि काजळावर बारीक ब्रशने तोच गडद कॉफी रंग हलका दाबून. पावडरने काजळातलं तेल शोषलं जातं आणि ते दुपारपर्यंत खाली उतरत नाही. सगळं मिळून चार-पाच मिनिटांचं काम.

जमलं की नाही हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. फोनच्या कॅमेऱ्याचा सौंदर्य वाढवणारा मोड बंद करा, खिडकीसमोर उभ्या राहा, फोटो काढा आणि त्याचे रंग काढून तो कृष्णधवल करा. आता रंगाची भुरळ उरली नाही, फक्त फिकट-गडद उरलं. बुबुळ सर्वांत काळं दिसतं आहे का? बुबुळ आणि पापणी यांच्यामध्ये उजळ पट्टा दिसतो का? दोन्ही दिसलं तर काम झालं. बुबुळ आणि पापणी एकमेकांत मिसळली असतील तर मध्यावर कांस्य वाढवा किंवा दुसरा रंग कमी करा. पापणी गालापेक्षा पांढरी दिसत असेल तर राख झाली आहे, रंग बदला.

सणासमारंभासाठी पाचवी डबी ठेवावी, आणि तिथेच तो शेव्रलचा नियम मोकळा सोडावा. तपकिरी आणि काळ्या डोळ्यांना नेव्ही किंवा मोरपिशी, घाऱ्यांना डाळिंबी किंवा वांगी. फक्त कार्यालयातले दिवे लक्षात घ्या. पिवळ्या उजेडात निळा रंग मरतो, मॅट नेव्ही तर सरळ काळाच दिसतो. रात्रीच्या रिसेप्शनला निळा लावायचा तर चमकीचाच घ्या, नाहीतर तांबूसकडे वळा, तो पिवळ्या दिव्यात आपोआप फुलतो. आणि झगझगीत निऑन रंगांच्या डबीवर ‘डोळ्यांभोवती वापरू नये’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं नाही ना, हे वाचून घ्या. काही रंगद्रव्यं चेहऱ्याला चालतात, डोळ्याजवळ चालत नाहीत. शोभेच्या कामाची, कागदावर चिकटवायची टिकली-चमकी तर डोळ्याजवळ नेऊच नये, तिच्या कडा बुबुळाला ओरखडतात. शिशाचा अंश असणारा सुट्टा सुरमाही नको.

पावडरच्या डब्या वर्ष-दोन वर्षं टिकतात. खोक्यावर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात 12 किंवा 24 असा आकडा असतो, तो उघडल्यापासूनच्या महिन्यांचा. डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेली आयशॅडो, काजळ आणि ब्रशवर अडकून राहू नका. काजळ टाकून द्या, आयशॅडोही टाकलेलीच बरी, ब्रश साबणाने धुऊन वाळवा. लेन्स वापरत असाल तर आधी लेन्स आणि मग आयशॅडो. उतरवतानाही लेन्स आधीच काढावी.

हे सगळं विकत घ्यायला पैसे मोजकेच असतील, तर पापणीहून एक पायरी गडद असा एकच मॅट रंग घ्या, आणि तो उजेडात बघूनच घ्या. चमकीचा रंग पुढच्या महिन्यात घेतला तरी काही बिघडत नाही.